बॉक्स आहे, पण आत डिस्क नाही: कोडवाले गेम घेताना काय तपासायचं

मे २०१८ मध्ये कॅपकॉमने निन्टेन्डो स्विच या कन्सोलसाठी 'मेगा मॅन लेगसी कलेक्शन १ + २' हा बॉक्स अमेरिकेतल्या दुकानांत आणला. मेगा मॅन मालिकेतले पहिले दहा गेम एकत्र, अशी त्याची ओळख. बॉक्स उघडला की एक गेम कार्ड आणि एक कागद निघायचा. कार्डावर पहिला संच, म्हणजे एक ते सहा क्रमांकाचे गेम. सात ते दहा क्रमांकांचे चार गेम कार्डावर नव्हतेच. त्यांच्यासाठी त्या कागदावर छापलेला कोड निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात भरायचा आणि ते चार गेम डाउनलोड करून घ्यायचे.

ज्याने नवा बॉक्स घेतला त्याची फारशी अडचण झाली नाही, त्याला दहाही गेम मिळाले. आता समजा, त्याने तो वर्षभराने विकला. घेणाऱ्याने बॉक्सवरचं '१ + २' वाचलं, कार्ड तपासलं, स्विचमध्ये घालून बघितलं, गेम चालला आणि पैसे दिले. घरी जाऊन दुसरा संच शोधायला लागल्यावर त्याला कळतं की आपल्या हातात सहाच गेम आहेत. बाकीचे चार पहिल्या मालकाच्या खात्यात आहेत आणि तिथेच राहणार. विकणाऱ्याने फसवलं असंही ठामपणे म्हणता येत नाही, कारण बॉक्समध्ये जी वस्तू होती ती त्याने दिली. कोडचा कागद एकदा वापरला की त्यात काहीच उरत नाही.

या एका बॉक्समध्ये दोन अगदी वेगळे व्यवहार शेजारी शेजारी ठेवले होते. कार्डावरच्या सहा गेमचा हक्क कार्डासोबत फिरतो, ज्याच्या हातात कार्ड तो खेळणार. कोडवाल्या चार गेमचा हक्क कोड भरला त्या क्षणी एका खात्याला चिकटतो आणि त्या खात्याबाहेर पडत नाही. गेमचा बॉक्स हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच विचारायचं: खेळण्याचा हक्क या वस्तूत आहे की माझ्या खात्यात जाणार आहे? उसना देता येईल का, विकता येईल का, परदेशातून आणलेला चालेल का, या सगळ्यांची उत्तरं त्यावरच ठरतात.

दुकानात आज साधारण तीन प्रकारचे बॉक्स सापडतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात डिस्कवर किंवा कार्डावर गेम पूर्ण असतो. इंटरनेट नसलं तरी तो सुरू होतो, फार तर नंतरच्या दुरुस्त्या तेवढ्या मिळत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात डिस्क किंवा कार्ड असतं, पण ते फक्त किल्लीचं काम करतं. २०२२ मध्ये आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास माहिती होती. बाकी सगळा गेम इंटरनेटवरून उतरवावा लागत होता. जून २०२५ मध्ये स्विच २ आल्यावर निन्टेन्डोने या प्रकाराला 'गेम-की कार्ड' असं अधिकृत नावच दिलं. त्या कार्डात गेम नसतो. कार्ड घातलं की कन्सोल गेम डाउनलोड करतो आणि पुढे खेळताना दर वेळी कार्ड आत असावं लागतं. डाउनलोडची कटकट यातही आहे, पण हक्क कार्डासोबतच राहतो. तुम्ही कार्ड मित्राला दिलं तर तो त्याच्या स्विच २ वर गेम उतरवून खेळू शकतो. पुढे विकलंत तरी नव्या मालकाला अडचण येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे आपला आजचा विषय, निव्वळ कोडचा बॉक्स. नेहमीच्याच आकाराची प्लॅस्टिकची केस, नेहमीसारखंच चकचकीत मुखपृष्ठ आणि आत एक कागद. कागदावर कोड छापलेला असतो किंवा खरवडायच्या पट्टीखाली दडलेला असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराची गल्लत फार होते. 'दोन्हींत डाउनलोडच करायचंय ना, मग फरक काय,' असं लोक म्हणतात. फरक आहे तो बॉक्सच्या पुनर्विक्रीच्या किमतीत. गेम-की कार्ड जुनं झालं तरी त्याला गिऱ्हाईक मिळतं. कोड भरलेल्या रिकाम्या केसला मिळत नाही.

कंपन्या असं का करतात, हे समजलं की कोणत्या गेमच्या बाबतीत जास्त सावध राहायचं तेही समजतं. स्विचची गेम कार्डं महाग पडतात आणि जितकी मोठी क्षमता तितकी किंमत चढते. ब्लू-रे डिस्क त्या मानाने खूप स्वस्त असते. म्हणूनच एकच गेम प्लेस्टेशनवर डिस्कवर मिळतो आणि स्विचवर मात्र कोडचा कागद किंवा अर्धं कार्ड, असं वारंवार होतं. दुसरं कारण जुन्या गेमच्या बाजाराचं. तुम्ही डिस्क विकलीत तर त्या व्यवहारातून कंपनीला काहीच मिळत नाही. कोड विकता येत नाही, त्यामुळे पुढच्या खेळाडूला नवीच प्रत घ्यावी लागते. मग बॉक्स तरी कशाला छापायचा? दुकानाच्या फळीवर जागा मिळावी म्हणून. वाढदिवसाची भेट घ्यायला आलेले काका-मावशी फळीवरचा बॉक्सच उचलतात.

पीसीवर ही गोष्ट फार आधी घडून गेली. २०१५ मध्ये 'मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन' च्या पीसी बॉक्समध्ये डिस्क होती, पण तिच्यावर स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान बसवण्याची सुमारे ८ एमबीची फाइल तेवढी होती. गेम कोड भरूनच उतरवायचा होता. त्यानंतर कंपन्यांनी तो देखावाही सोडून दिला. आज पीसी गेमचा बॉक्स दिसला तर आत कोडच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

आता बॉक्स वाचायचा कसा ते पाहू. सूचना छापलेली असते, पण बहुधा मुखपृष्ठाच्या खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात, बारीक अक्षरात. 'कोड इन बॉक्स', 'डाउनलोड कोड', 'नो डिस्क इन्क्लुडेड' किंवा 'नो गेम कार्ड इन्क्लुडेड' या अर्थाचे शब्द शोधा. गेम-की कार्डाच्या बॉक्सवर समोरच खाली किल्लीचं चिन्ह असलेली पट्टी असते आणि पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागेल असं तिथे लिहिलेलं असतं. नुसतं 'इंटरनेट लागेल' एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. ऑनलाइन खेळायच्या गेमवर ते डिस्क असली तरी छापतात.

ऑनलाइन खरेदीत अडचण वाढते, कारण विक्रेते मुखपृष्ठाचं चित्र टाकतात ते बरेचदा छपाईआधीचं असतं आणि त्यावर ती पट्टीच नसते. मागच्या बाजूचा फोटो असेल तर तो मोठा करून बघा. नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा, 'आत डिस्क आहे की डाउनलोड कोड?' आणि उत्तर जपून ठेवा. वर्णनात 'फिजिकल एडिशन' असं लिहिलं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कोडचा बॉक्स हीसुद्धा हातात धरता येणारी वस्तूच आहे, एवढ्या आधारावर तो शब्द वापरला जातो. महागड्या संग्राहक आवृत्त्यांत तर हे हमखास तपासा. 'स्टारफील्ड' ची २०२३ मधली कॉन्स्टेलेशन एडिशन अमेरिकेत ३०० डॉलरची होती. त्यात खरंखुरं घड्याळ होतं, पेटी होती, पण गेमची डिस्क नव्हती. गेम कोडच्या रूपातच होता.

आणखी एक गोष्ट तपासा: कोड नक्की कशाचा आहे? फोर्टनाइटच्या नावाने दुकानात बॉक्स मिळतात, उदाहरणार्थ 'मिंटी लेजेंड्स पॅक'. फोर्टनाइट हा गेम मुळात फुकट आहे. बॉक्समधल्या कोडने पात्रांचे पोशाख आणि गेममधलं चलन मिळतं. मुलाला तेच हवं असेल तर ठीक, पण आपण गेम विकत घेतला अशी समजूत घेणाऱ्याची होऊ नये.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो देशांच्या बाबतीत. न्यू जर्सीतला मामेभाऊ किंवा दुबईतली आत्या येताना गेम घेऊन येते, तिकडे सेल असतो, प्रेमाने आणलेली वस्तू असते. पीएस५ ची डिस्क असेल तर ती इथल्या पीएस५ वर चालते, कारण त्या डिस्कांना देशाचं बंधन नाही. कोड मात्र ज्या देशाच्या किंवा विभागाच्या ऑनलाइन दुकानासाठी काढलेला असतो, तिथल्याच खात्यात भरता येतो. अमेरिकेतला प्लेस्टेशनचा कोड भारतीय खात्यात भरायला गेलात तर तो नाकारला जातो. आणि प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की पुढे बदलता येत नाही.

यावर एक रस्ता आहे, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. त्याच पीएस५ वर अमेरिकेचं वेगळं खातं उघडायचं, कोड त्यात भरायचा आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये त्या खात्यासाठी Console Sharing and Offline Play चालू ठेवायचं. मग घरातल्या इतर खात्यांवरूनही तो गेम त्या कन्सोलवर खेळता येतो. अडचण पुढे येते. त्या गेमचे जोडभाग घ्यायचे झाले तर तेही अमेरिकेच्याच दुकानातून घ्यावे लागतात आणि आपल्याकडची बँकेची कार्डं तिथे सहसा चालत नाहीत. निन्टेन्डोच्या खात्याचा देश बदलता येतो, त्यामुळे तिथे थोडी सूट आहे, पण कोडचा विभाग आणि खात्याचा विभाग जुळावाच लागतो. स्विच आपल्याकडे बहुतांशी आयात होऊनच येतो, म्हणजे गेमचा बॉक्स एका विभागाचा आणि खातं दुसऱ्याचं असण्याची शक्यता चांगलीच असते. परदेशातून कोणी काही आणणार असेल तर त्यांना एवढंच सांगा: डिस्क किंवा गेम कार्ड असेल तरच आणा, कोडचा बॉक्स आणू नका.

तिकडच्या कोडबद्दल अजून एक बारकावा आहे. काही दुकानांत कोड असलेली वस्तू बिल करताना यंत्रावर सुरू केली जाते, तोपर्यंत तो कोड निर्जीव असतो. काउंटरवर हे राहून गेलं तर पुण्यात बसून ते दुरुस्त करणं कठीण, कारण दुकानदार बिल मागणार. म्हणून परदेशातून आलेल्या अशा वस्तूचं बिल सोबत मागून घ्या. भेट आहे म्हणून बिल मागायला संकोच वाटतो हे खरं, तरी मागा.

जुन्या बाजारात कोडचे बॉक्स घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, सीलबंद असले तरी. कारण कोड न वापरता तो शिल्लक आहे की नाही हे तपासण्याची सोय सामान्य ग्राहकाकडे नाही. सील पुन्हा लावता येतं. 'आत्ताच फोटो काढून कोड पाठवतो, मग पैसे द्या' अशा व्यवहारात दोघांपैकी एकाला दुसऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागतो. शिवाय सील खरं असलं तरी काळ मध्ये येतो. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये ३डीएस आणि वी यू या कन्सोलवरची ऑनलाइन खरेदी बंद केली आणि थोड्याच दिवसांत कोड भरण्याची सोयही संपली. ज्यांनी आधी कोड भरले होते त्यांना आपले गेम पुन्हा उतरवता येत राहिले. ज्यांच्याकडे न वापरलेले कोड कपाटात होते, त्यांच्याकडे कागद उरला. म्हणजे कोडचा बॉक्स न उघडता जपून ठेवणं ही सगळ्यात वाईट कल्पना. घेतलात तर लगेच भरा. काही कोडांवर शेवटची तारीखही छापलेली असते, विशेषतः आगाऊ नोंदणीच्या भेटींच्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, डिस्क असली म्हणजे सगळं सुरक्षित असं नाही. 'ओव्हरवॉच' चा स्विचवरचा बॉक्स ऑक्टोबर २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात कोडच होता, प्लेस्टेशनवर डिस्क होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने मूळ गेमचे सर्व्हर बंद करून 'ओव्हरवॉच २' सुरू केला. त्यानंतर डिस्कवाल्यालाही मूळ गेम खेळता येईना, कारण तो गेम पूर्णपणे सर्व्हरवर अवलंबून होता. निव्वळ ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये डिस्क आणि कोड यांतला फरक विक्रीपुरताच राहतो. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान गेममध्ये मात्र तो पुरता जाणवतो.

बॉक्स घेतलाच आहे, मग कोड भरताना काय बघायचं? आधी खातं. घरात आई-वडील, दोन मुलं अशी खाती असतील तर ज्या खात्याचा पासवर्ड आणि ईमेल नक्की तुमच्या हातात आहे आणि ज्याचं शेअरिंग त्या कन्सोलवर चालू आहे, त्या खात्यात भरा. मग घरातले सगळे त्याच कन्सोलवर खेळू शकतात. गेम एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येत नाही, त्यामुळे घाईत चुकीच्या खात्यात भरला तर इलाज नाही. पट्टी नाण्याने हलकेच खरवडा, जोर लावला तर खालची अक्षरंही जातात. कोडची लांबीही एकदा मोजा: प्लेस्टेशनचा १२ अक्षरांचा, निन्टेन्डोचा १६, एक्सबॉक्सचा २५. लांबी जुळत नसेल तर तुम्ही वेगळ्याच ठिकाणचा कोड भरत आहात. ऑनलाइन दुकानात Redeem Code किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. कोड टाकल्यावर बहुतेक ठिकाणी गेमचं नाव दाखवून खात्री विचारली जाते. तिथे थांबून नाव आणि खातं दोन्ही वाचा, मगच पुढे जा.

त्यानंतर डाउनलोड. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या जोडणीवर साडेपाच तासांच्या आसपास घेतो, १० एमबीपीएसवर २२ तासांहून जास्त. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर तर पन्नास दिवस लागतील, म्हणजे तो विचारच नको. गावाकडे सुट्टीत मुलांना गेम भेट द्यायचा असेल तर तिथलं नेट आधी विचारात घ्या. जागेचंही तसंच. पीएस५ च्या मूळ मॉडेलमध्ये ८२५ जीबीपैकी ६६७ जीबीच वापरायला मिळतात आणि साध्या स्विचमध्ये एकूण ३२ जीबी. स्विचसाठी मोठं मेमरी कार्ड घ्यावं लागलं तर तो खर्च गेमच्याच किमतीत धरा. स्विच २ ला तर गेम साठवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस हेच महागडं कार्ड लागतं, घरातलं जुनं कार्ड तिथे चालत नाही.

काही घरांसाठी कोडचा बॉक्स हा बरोबर निर्णयही असतो. एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये डिस्क घालायची सोयच नाही, पीएस५ च्या डिजिटल एडिशनमध्येही मुळात नाही. तिथे डिस्क आणून काय करणार? अशा वेळी बॉक्सची किंमत ऑनलाइन दुकानातल्या किमतीशी ताडून बघा. कोड आणि डाउनलोड एकच असल्यामुळे बॉक्स स्वस्त असेल तरच घ्यायचा. नुसत्या केससाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. पण डिस्क चालणारा कन्सोल घरी असेल आणि डिस्कवाली प्रत त्याच किमतीला मिळत असेल, तर डिस्कच घ्यावी. वर्षाने विकून अर्धे पैसे परत आले तरी तो गेम निम्म्या किमतीत पडला.

आणि वर्णनात डिस्क लिहून घरी कोड आला तर? बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि पट्टी अजिबात खरवडू नका. कोड उघडा झाला की तो वापरला नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि विक्रेते परत न घेण्यासाठी हेच कारण पुढे करतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार जाहिरात केल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'सॉफ्टवेअर परत घेतलं जात नाही' असं त्याच्या पानावर लिहिलेलं असलं तरी तुमचा मुद्दा वेगळा आहे. गेम आवडला नाही अशी तुमची तक्रार नसून डिस्क म्हणून विकलेल्या बॉक्समध्ये डिस्क नाही अशी आहे. तक्रारीत हेच एक वाक्य स्पष्ट लिहा, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि बॉक्सवरच्या बारीक अक्षरांचा फोटो जोडा. स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवलेला बरा, कारण तक्रार गेल्यावर वर्णन बदललेलं असू शकतं. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.